माणूस बदलून मिळेल

भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूरच्या एमआयडीसीत छोटा कारखाना चालवणाऱ्या कोणाचाही मेलबॉक्स उघडून पाहा. जीएसटीची आठवण, स्टीलच्या भावाचं पत्रक आणि बँकेची कर्जाची ऑफर यांच्या मधे कुठंतरी हा मेल असतोच: ‘आदरणीय महोदय, आमच्याकडे फिटर, टर्नर, वेल्डर, सीएनसी-व्हीएमसी ऑपरेटर असे कुशल कामगार तत्काळ उपलब्ध आहेत. पीएफ-ईएसआयसीची सर्व जबाबदारी आमची. ९० दिवसांची फ्री रिप्लेसमेंट गॅरंटी.’ खाली एक मोबाईल नंबर आणि हेल्मेट घातलेल्या हसऱ्या कामगाराचं चित्र.

एरवी हा मेल न वाचताच डिलीट होतो. पण ज्या सोमवारी सहापैकी दोन मशीनवर माणूस नसतो आणि ग्राहकाच्या परचेसवाल्याचा सकाळपासून तिसरा फोन आलेला असतो, त्या दिवशी तोच मेल देवासारखा धावून आल्यासारखा वाटतो. मालक फोन लावतो आणि दोन दिवसांत माणूस येतो. काही वेळा तो टिकतोही. टिकला नाही की मालक तो मेल पुन्हा शोधून काढतो आणि ‘गॅरंटी’ या शब्दाचा अर्थ लावायला बसतो.

तो अर्थ आधीच लावून ठेवला तर बरं. कारण या मेलमधले तीन शब्द, ‘कुशल’, ‘जबाबदारी’ आणि ‘गॅरंटी’, मालकाला एक सांगतात आणि करारात त्यांचा अर्थ दुसराच असतो.

आधी विचारा : माणूस कोणाच्या पगारपत्रकावर?

या एकाच मेलमागे दोन वेगळे धंदे असू शकतात. पहिल्यात एजन्सी माणूस शोधून देते आणि तुम्ही त्याला आपल्या पगारपत्रकावर घेता. एजन्सीला एकदाच फी मिळते. ती बहुतेक वेळा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे सरळ एक महिन्याचा पगार असते. ‘९० दिवसांची गॅरंटी’ मुळात या धंद्यातली.

दुसऱ्या धंद्यात माणूस एजन्सीच्याच पगारपत्रकावर राहतो आणि तुमच्या कारखान्यात काम करतो. एजन्सी दर महिन्याला त्याचा पगार, वैधानिक खर्च आणि त्यावर आपला सर्व्हिस चार्ज असं बिल लावते. ठेकेदारी म्हणतात ती हीच. इथं ‘रिप्लेसमेंट’चा अर्थ एवढाच, की आजचा माणूस आला नाही किंवा तुम्हाला पटला नाही, तर उद्या दुसरा पाठवू.

मेल लिहिणारा हे दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळतो. त्याच्याकडं दोन्ही असतं आणि तुम्ही कशाला हो म्हणाल हे त्याला ठाऊक नसतं. पण पुढचा सगळा हिशोब यावरच फिरतो, म्हणून पहिला प्रश्न हाच.

‘कुशल’ म्हणजे कोण?

किमान वेतनाच्या तक्त्यात कामगारांचे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग असतात. एजन्सीच्या मेलमधला ‘कुशल’ पुष्कळदा या तक्त्यातून आलेला असतो. म्हणजे तो शब्द पगाराचा वर्ग सांगतो, हात सांगत नाही. आयटीआयचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांचा अनुभव एवढ्यावर माणूस कागदोपत्री कुशल ठरतो.

व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलचं संगणकनियंत्रित मिलिंग मशीन, त्याचंच उदाहरण घेऊ. ‘व्हीएमसी ऑपरेटर’ या एका नावाखाली तीन वेगळी माणसं येतात. पहिला जॉब फिक्स्चरमध्ये बसवतो, दार लावतो, सायकल स्टार्टचं बटण दाबतो आणि जॉब काढून पेटीत ठेवतो. दुसरा सेटर. नवा जॉब आला की तो वाइस डायल लावून सरळ करतो, जॉबचा शून्य बिंदू घेतो, टूलची लांबी भरतो, पहिला नग काढून मोजतो आणि माप येईपर्यंत ऑफसेट बदलतो. तिसरा प्रोग्रॅम लिहितो. पहिल्याला दुसऱ्याच्या कामावर उभं केलं तर टूल तुटतं, जॉब स्क्रॅप होतो आणि दिवस वाईट असला तर स्पिंडलच टेबलावर आदळतो. पहिलाही आपल्या कामात वाकबगार असतो. पण मागितला होता सेटर.

हे कळायला मुलाखत पुरत नाही, मशीनवरच उभं करावं लागतं. चाचणी दीड तासाची पुरे. आधी होऊन गेलेल्या एखाद्या सोप्या जॉबचं ड्रॉइंग आणि कापलेला कच्चा तुकडा हातात द्यावा आणि गप्प उभं राहून बघावं. जाणकार माणूस आधी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहतो आणि कोणत्या मापावर टॉलरन्स घट्ट आहे ते विचारतो. मग डायल मागतो. शून्य बिंदू घेतला की स्क्रीनवरच्या G54 मधले आकडे पुन्हा एकदा वाचतो. पहिला नग कधीच सलग चालवत नाही. सिंगल ब्लॉकवर, फीड कमी ठेवून, एक हात थांबवायच्या बटणाजवळ ठेवून चालवतो. नग निघाल्यावर आधी कापडानं पुसतो आणि मगच मायक्रोमीटर लावतो. ज्याचा हात पहिल्यांदा सायकल स्टार्टकडं जातो, तो लोड-अनलोडचा माणूस समजावा.

ही चाचणी मालकानं आपल्या मशीनवर घ्यावी आणि उमेदवाराला त्याची अर्ध्या दिवसाची हजेरी द्यावी. एजन्सी ‘आम्ही टेस्ट घेऊन पाठवतो’ म्हणत असेल, तर कोणत्या मशीनवर, कोणत्या कंट्रोलवर आणि कोणता जॉब देऊन घेतली, ते विचारावं. फॅनुकवर मुरलेल्या माणसाला सीमेन्सचा पडदा नवखा असतो. आठवडाभरात तो त्यावर रुळतो, पण तो आठवडा तुमच्या हिशोबात असायला हवा.

एका गॅरंटीचा जमाखर्च

आता गॅरंटी. भोसरीतला सहा व्हीएमसींचा एक कारखाना कल्पनेनं घेऊ आणि आकडे मांडू. मालकाला महिना २५,००० रुपयांवर सेटर हवा आहे. वर्षाचा पगार ३ लाख, त्यावर ८.३३ टक्के फी, म्हणजे साधारण २५,००० रुपये. वर १८ टक्के जीएसटी, पण त्याचं क्रेडिट मिळतं म्हणून तो बाजूला ठेवू. गॅरंटी ९० दिवसांची.

माणूस १ जूनला रुजू झाला. काम चांगलं होतं. १४ ऑगस्टला, म्हणजे पंचाहत्तराव्या दिवशी, तो आला नाही आणि फोन बंद. मालक निश्चिंत होता, कारण ९० दिवस व्हायचे होते. त्यानं करार काढला, तेव्हा बारीक अक्षरातल्या अटी दिसल्या. अशा करारांत बहुधा याच असतात: माणूस गेल्यापासून ७ दिवसांत लेखी कळवावं, मूळ बिल मुदतीत चुकतं केलेलं असावं, बदली त्याच पदासाठी आणि त्याच पगारावर मिळेल, एकदाच मिळेल, त्यासाठी एजन्सीला कामाचे ३० दिवस लागतील आणि फी परत मिळणार नाही. आणखी एक अट असते. कामाचं स्वरूप, पाळी किंवा पगार ठरल्याप्रमाणे नव्हता म्हणून माणूस गेला असेल, तर गॅरंटी लागू नाही.

आपल्या मालकानं बिल वेळेत भरलं होतं आणि मेलही लगेच केला. कामाचे ३० दिवस म्हणजे पाच आठवडे, आणि त्यातच गणपती. दुसरा माणूस सप्टेंबरच्या अखेरीला आला. मधल्या काळात ते मशीन एका पाळीत बंद राहिलं. मशीनचा दर तासाला ४०० रुपये धरला, तर ३० दिवस, रोज ८ तास, म्हणजे २४० तास आणि ९६,००० रुपयांचं काम. त्यातलं निम्मं दुसऱ्या सेटरला ओव्हरटाइम देऊन उरकलं असं समजू. तरी ४८,००० रुपयांचं काम बुडालं आणि ओव्हरटाइमचा दुप्पट दर अंगावर पडला. नव्या माणसाला तुमचे जॉब, तुमची फिक्स्चर आणि तुमच्या ग्राहकाच्या खोडी कळायला दोन-तीन आठवडे लागतील, ते वेगळंच.

या सगळ्यात गॅरंटीनं वाचवले ते २५,००० रुपये, म्हणजे दुसऱ्यांदा द्यावी लागली असती ती फी. तिचं आश्वासन तेवढंच होतं. गॅरंटी फीची असते, उत्पादनाची नसते. मिक्सरची वॉरंटी वाचतो तसं आपण हे वाक्य वाचतो आणि तिथंच फसतो. बदलून आलेला मिक्सर घरी आणला की त्याच दिवशी चटणी वाटतो. माणसाचं तसं नसतं.

नव्वद दिवसांच्या मुदतीतही एक मेख आहे. एजन्सीला पूर्ण फी रुजू झाल्यावर मिळाली, तर तिची गरज माणूस ९० दिवस टिकण्यापुरतीच. ९१ व्या दिवशी तो गेला की मालकाला नवा माणूस हवा असतो, आणि नवी फी ठरलेली. क्वचित एखादी एजन्सी आपणच बसवलेल्या माणसाला दोन गल्ल्या पलीकडं हजार रुपये जास्तीवर बसवते. म्हणून करारात दोन गोष्टी घालून घ्याव्यात. एक, वर्षभर तो माणूस या एजन्सीनं दुसरीकडं सुचवायचा नाही. दोन, निम्मी फी रुजू झाल्यावर आणि निम्मी ९० दिवस भरल्यावर. दुसरी अट मान्य करणारी एजन्सी माणूस निवडताना त्याच्या खोलीपासून तुमच्या गेटपर्यंत बस आहे का, हेसुद्धा विचारते. कारण आता तिचे पैसे त्या बसवर अवलंबून असतात.

‘जबाबदारी आमची’

आता दुसरा धंदा, ठेकेदारीचा. इथं मेलमधलं सर्वांत गोड वाक्य असतं: पीएफ-ईएसआयसीची कटकट आमच्यावर सोडा.

कटकट सोडता येते, जबाबदारी सोडता येत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात स्पष्ट लिहिलं होतं की ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ मालकानं तो द्यावा आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांतही हे तत्त्व कायम आहे. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांचंही तसंच. ठेकेदारानं वर्गणी बुडवली तर नोटीस शेवटी कारखान्याच्या दारात येते. नव्या संहितेत आणखी एक गोष्ट आहे. कारखान्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार लावायला मनाई आहे आणि तिला ठरावीक अपवाद आहेत, जसं की कामात अचानक झालेली वाढ. मशीनिंगच्या कारखान्यात मशीन चालवणं हे मुख्य काम नाही असं म्हणणं अवघड. तेव्हा ‘कितीही माणसं देऊ’ या वाक्याला हो म्हणण्यापूर्वी आपल्याला आणि एजन्सीला ही तरतूद कुठं लागू होते, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून तपासून घ्यावं.

एजन्सी वर्गणी भरते की नाही, हे तिच्या दरावरूनच बरंचसं कळतं. त्याला फक्त बेरीज यावी लागते. कामगाराचा पगार १८,००० रुपये धरू, त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,०००. भविष्यनिर्वाह निधीचे मालकाचे १२ टक्के, विमा आणि प्रशासकीय खर्च धरून १३ टक्के, म्हणजे १,९५० रुपये. राज्य विम्याचे मालकाचे सव्वातीन टक्के, १८,००० वर ५८५ रुपये. इथंच बेरीज २०,५३५ झाली. किमान ८.३३ टक्के बोनससाठी महिन्याला १,२५० बाजूला टाका, वर्षाच्या १५ दिवसांच्या रजेचे साधारण ८६५. झाले २२,६५०. एजन्सीचा ८ टक्के सर्व्हिस चार्ज १,८१२ रुपये. एकूण २४,४६२. ग्रॅच्युइटी अजून धरलेलीच नाही. यावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि तो नुसत्या सर्व्हिस चार्जवर नाही, पूर्ण बिलावर. त्याचं क्रेडिट पुढं मिळतं, पण पैसे आधी खिशातून जातात.

आता मेलमधली दुसरी एजन्सी म्हणते, ‘तोच माणूस, तोच पगार, सगळं धरून २०,०००.’ हा आकडा २०,५३५ च्याही खाली आहे. म्हणजे स्वतः फुकट काम केलं तरी ती पीएफ आणि ईएसआयसी पूर्ण भरू शकत नाही. मग ते पैसे कुठून येतात? कामगाराच्या हातात ठरल्यापेक्षा कमी पडतात, किंवा पगारातून मालकाचीही वर्गणी कापली जाते, किंवा पन्नास माणसांपैकी वीसच जणांची नावं भरली जातात. स्वस्त दर पाहून खूश झालेल्या मालकानं हे ओळखायला हवं की उरलेली रक्कम उद्याच्या नोटिशीत त्याच्याच नावावर येणार आहे.

तपासायची पद्धतही ठरलेली आहे. बिलासोबत नुसतं चलन घेऊ नये. ते एजन्सीच्या सगळ्या ग्राहकांचं मिळून एकच असू शकतं आणि त्यावर तुमची माणसं आहेत की नाहीत, हे दिसत नाही. चलनाबरोबरची नाववार यादी, म्हणजे ईसीआर, मागावी आणि आपल्या गेटच्या हजेरीशी नाव नाव जुळवावी. याहून सोपी चाचणी जेवणाच्या सुट्टीत होते. प्रत्येक कामगाराला यूएएन क्रमांक असतो आणि मोबाईलवर स्वतःचं पासबुक पाहता येतं. चारजणांना पासबुक उघडायला सांगा. मागच्या महिन्याची नोंद दिसली तर ठीक. नवीन माणसाचा विमा क्रमांक त्यानं मशीनला हात लावण्यापूर्वी तयार असायला हवा. अपघात काही पहिल्या महिन्याचं चलन भरलं जाईपर्यंत वाट पाहत नाही.

बदली करणारा कोण?

ठेकेदारीतली ‘रिप्लेसमेंट’ मालकाला आणखी एका बाजूनं अंगाशी येऊ शकते. ‘माणूस पटला नाही तर तुमच्या सुपरवायझरनं फक्त सांगावं, दुसऱ्या दिवशी बदलून देतो,’ असं मेल म्हणतो. ऐकायला सोयीचं आहे. पण वाद कोर्टात गेला की पहिला प्रश्न हाच येतो: या माणसांना काम कोण सांगत होतं, रजा कोण देत होतं, काढत कोण होतं? सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये स्टील अथॉरिटी ऑफ इंडियाच्या खटल्यात सांगितलं की कंत्राट पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. पण कंत्राट नुसतं दिखाऊ असेल, मधला ठेकेदार केवळ कागदावर असेल, तर ते मूळ कंपनीचेच कामगार ठरतात. म्हणजे चिठ्ठी पाठवून माणसं बदलत राहणारा सुपरवायझर नकळत कामगारांच्याच बाजूचा पुरावा लिहीत असतो.

आणि कामगाराच्या बाजूनं पाहिलं, तर ‘बदलून देऊ’ या दोन शब्दांत त्याची नोकरी जाते. चाकणला परभणीहून किंवा बिहारमधून आलेला पोरगा चौघांत एक खोली करून राहतो. त्याला एजन्सीनं १८,००० सांगितलेले असतात. हातात किती येणार, ओव्हरटाइम कोणत्या दरानं आणि रात्रपाळी किती, हे त्याला गेटमधून आत आल्यावर कळतं. क्वचित ‘नोंदणी’ म्हणून त्याच्याकडूनही हजार-दोन हजार घेतलेले असतात. शेजारच्या शेडमध्ये पाचशे जास्त मिळतात हे समजलं की तो न सांगता जातो. सांगून जाण्याइतकं नातं त्याचं ना एजन्सीशी असतं, ना कारखान्याशी. मालक म्हणतो, ‘हल्लीची पोरं टिकत नाहीत.’

म्हणून रुजू होण्याच्या दिवशी मालकानं स्वतः त्याच्यासमोर बसून एक कागद भरावा: हातात येणारी रक्कम, पाळी, ओव्हरटाइमचा दर, पगाराची तारीख. एजन्सीनं सांगितलेलं आणि या कागदावरचं यात फरक निघाला तर तो पहिल्याच दिवशी निघेल, पंचाहत्तराव्या दिवशी नाही. आणि ‘पगार ठरल्याप्रमाणे नव्हता’ या अटीत अडकवून गॅरंटी नाकारणाऱ्या एजन्सीपुढं ठेवायलाही तोच कागद कामी येतो.

पुढच्या वेळी हा मेल आला की डिलीट करू नका, उत्तर पाठवा. चार ओळी पुरतात: ‘माणूस कोणाच्या पगारपत्रकावर? मशीनवर चाचणी आम्ही घेऊ, चालेल का? निम्मी फी ९० दिवसांनी, चालेल का? मागच्या वर्षी तुम्ही बसवलेल्या सेटरपैकी सहा महिन्यांनंतरही त्याच कारखान्यात किती आहेत?’ पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कोणीही सुचतील तशी देऊ शकतो. चौथ्यासाठी एजन्सीला आपली जुनी वही उघडावी लागते. ती वही जिच्याकडं आहे, तिच्याशी बोलावं. बाकीच्यांचा मेल तसाही पुढच्या सोमवारी पुन्हा येणारच आहे.